पाचच चॅट का?

सॉफ्टवेअर कंपनीत इंजिनिअरची मुलाखत म्हटली की कोड लिहून दाखवणं आलंच. पण बऱ्याच कंपन्यांत आणखी एक फेरी असते, तिला ‘प्रॉडक्ट सेन्स’ची फेरी म्हणतात. तिथे कोड लिहायचा नसतो, एखादी सोय द्यावी की काढून घ्यावी हे ठरवायचं असतं. प्रश्न साधारण असा येतो: तुम्ही एका मेसेजिंग ॲपमध्ये काम करता, फॉरवर्ड होणाऱ्या अफवांमुळे लोकांचे जीव जात आहेत. तुम्ही काय बदलाल? आणि तो बदल लागू पडला हे कशावरून म्हणाल?

हा प्रश्न व्हॉट्सॲपपुढे खरोखरच आला होता. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी असल्याच्या संशयावरून जमावाने पाच जणांना ठार मारलं. तशा अफवा त्या काळात देशभर मोबाइलवर फिरत होत्या. त्याच महिन्यात कंपनीने फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर तशी खूण दाखवायला सुरुवात केली, भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल असं जाहीर केलं आणि फोटो-व्हिडिओशेजारचं झटपट फॉरवर्डचं बटणही भारतापुरतं काढायचं ठरवलं.

मुलाखतीत बहुतेक उमेदवार इथेच घाई करतात. ‘खोटे मेसेज ओळखून अडवू’ हे पहिलं उत्तर. पण व्हॉट्सॲपवरचे मेसेज २०१६ पासून दोन्ही टोकांना कुलूपबंद असतात, कंपनीला ते वाचता येत नाहीत. अडवायचं तर आधी वाचावं लागेल, आणि वाचायचं तर सगळ्यांचंच कुलूप काढावं लागेल. अफवा पसरवणाऱ्यासाठी डॉक्टरशी बोलणाऱ्या रुग्णाचीही खासगी बाब उघडी करायची का? ही किंमत बोलून दाखवणारा उमेदवार परीक्षकाला हवा असतो. मग ती किंमत मोजायची की नाही, यावर त्याचं मत काहीही असो.

मजकूर वाचायचा नाही असं ठरलं की हातात उरतो तो फक्त वेग. फॉरवर्ड करणं थोडं कष्टाचं करायचं. इथे एक छोटं गणित कामाला येतं. त्या वेळी एका ग्रुपमध्ये जास्तीत जास्त २५६ माणसं मावत. पाच चॅट म्हणजे पाच भरलेले ग्रुप धरले, तर एका खेपेत मेसेज जवळपास १२८० जणांपर्यंत जातो. शिवाय पाचांना पाठवून झाल्यावर पुन्हा तोच मेसेज उचलून आणखी पाचांना पाठवायला कुणाची मनाई नव्हती. म्हणजे मर्यादा ही भिंत नव्हतीच, रस्त्यावरचा गतिरोधक होता.

आणि गतिरोधक सगळ्यांनाच लागतो. सोसायटीत उद्या पाणी येणार नाही हा निरोप, रक्तदात्याचा शोध, गावच्या शाळेची सूचना, हे सगळं फॉरवर्डनेच जातं. (सकाळच्या गुलाबाच्या फुलांवर गदा आली तर फारसं कुणी रडणार नाही, पण ती पाठवणाऱ्या आजोबांना विचारून बघा.) म्हणून दुसरी कल्पना जास्त नेमकी ठरते: सरसकट सगळे फॉरवर्ड न अडवता, लांबवर फिरून आलेलेच अडवायचे. एप्रिल २०२० मध्ये कंपनीने तेच केलं. पाच किंवा अधिक हातांतून आलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल, अशी अट घातली.

यातली खुबी इंजिनिअरच्या लक्षात यायला हवी. ‘या मेसेजच्या जगात एकूण किती प्रती आहेत’ हे मोजायचं तर कुठेतरी मध्यवर्ती वही ठेवावी लागेल. ‘हा मेसेज किती हातांतून इथवर आला’ हा आकडा मात्र मेसेजसोबतच प्रवास करू शकतो. प्रत्येक फॉरवर्डला त्यात एक वाढवला की झालं, मजकूर उघडायची गरज नाही. उणीवही तितकीच उघड आहे. कुणी मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला की आकडा पुन्हा शून्यावर येतो.

आता यशाचं माप. पाचाची मर्यादा जानेवारी २०१९ मध्ये जगभर लागू झाली, आणि कंपनीने सांगितलं की तिच्यामुळे फॉरवर्ड २५ टक्क्यांनी कमी झाले. २०२० च्या अटीनंतर खूप फिरलेले मेसेज ७० टक्क्यांनी घटल्याचं सांगितलं. दोन्ही आकडे कानाला बरे वाटतात, पण मुलाखतीत मी पहिल्यावर फारसे गुण देणार नाही. फॉरवर्डचं बटण अवघड केलं की फॉरवर्ड कमी होणारच. त्यात अफवा किती आणि पाण्याचे निरोप किती, हे कळत नाही. दुसरा आकडा नुकसानाच्या जास्त जवळचा आहे, तरी त्यालाही कॉपी-पेस्टची पळवाट आहे. म्हणून त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवावा लागतो: चिकटवून पाठवलेले लांबलचक मेसेज त्याच काळात वाढले का? तिसरा आकडा राखणदारीचा. माणसांनी एकमेकांना स्वतः लिहून पाठवलेले मेसेज आणि त्यांना आलेली उत्तरं जागच्या जागी आहेत ना? ती घसरली तर अट मागे घ्यायची, आणि किती घसरल्यावर घ्यायची हे आधीच लिहून ठेवायचं. आकडे आल्यावर रेषा आखायला बसलं की ती नेहमी सोयीच्याच जागी पडते.

याहून अवघड भाग म्हणजे तुलना कुणाशी करायची. एरवी निम्म्या लोकांना नवी सोय देतात, निम्म्यांना जुनीच ठेवतात आणि फरक बघतात. इथे ते फसतं. एकाच ग्रुपमधल्या निम्म्यांना मर्यादा आणि निम्म्यांना मोकळीक दिली, तर अफवा मोकळ्या हातांतून निघून मर्यादावाल्यांपर्यंतही पोचते. दोन्ही गट एकमेकांत मिसळतात आणि फरक पुसट होतो. मग गाव, प्रांत किंवा अख्खा देश असे आपापसांत कमी बोलणारे मोठे गट घ्यावे लागतात. २०१८ मध्ये भारतात पाच आणि इतरत्र वीस अशी मर्यादा असल्याने तशी तुलना आयतीच मिळाली, पण तीही निर्भेळ नव्हती. त्याच जुलैत कंपनीने भारतातल्या वर्तमानपत्रांत अफवांविरुद्ध पानभर जाहिराती दिल्या होत्या, आणि त्या घटनांच्या बातम्यांनी लोकही सावध झाले असणार. घट मर्यादेमुळे झाली की जाहिरातींमुळे की भीतीमुळे, हे वेगळं काढणं कठीण.

ब्राझीलमधल्या मिनास जेराइस विद्यापीठातल्या आणि एमआयटीतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये भारत, ब्राझील आणि इंडोनेशियातल्या सार्वजनिक ग्रुपांच्या माहितीवर हेच तपासलं. त्यांचा निष्कर्ष असा की मर्यादेमुळे मेसेजचा प्रसार लांबतो, पण फार झपाट्याने पसरणारा मेसेज शेवटी बहुतेकांपर्यंत पोचतोच. हे खरं मानलं तर मापच बदलायला हवं. ‘किती जणांपर्यंत पोचला’ यापेक्षा ‘पहिल्या दहा हजारांपर्यंत पोचायला किती तास लागले’ हे विचारावं. पोलिसांना खुलासा करायला, गावातल्या शिक्षकाला ‘हे खोटं आहे’ म्हणायला तेवढेच तास हातात असतात.

इथवर पोचलेल्या उमेदवाराला परीक्षक पुढचा पेच टाकू शकतो, तोही प्रत्यक्षातलाच. २०२२ मध्ये व्हॉट्सॲपने आधीच फॉरवर्ड झालेला मेसेज एका वेळी एकाच ग्रुपला पाठवता येईल असा नियम आणला. त्याच वर्षी ग्रुपची क्षमता आधी ५१२ आणि मग १०२४ झाली. एक गुणिले १०२४, पाच गुणिले २५६. सांगा, वेग किती कमी झाला?