विश्लेषण : रेडॉन ओट्याच्या ग्रॅनाइटमधून येतो की जोत्याखालच्या जमिनीतून?

पांढरकवड्यात नवे घर बांधताना स्वयंपाकघराच्या ओट्यावर ग्रॅनाइट बसवणे आता नेहमीचे झाले आहे. ‘या दगडातून किरणोत्सारी वायू निघतो आणि कर्करोग होतो’ अशी भीतीही त्यासोबत घातली जाते. वायू खरा आहे, कर्करोगाचा धोकाही खरा आहे. फक्त बोट चुकीच्या दगडाकडे दाखवले जाते.

रेडॉन तयार कसा होतो?

प्रत्येक दगडात आणि मातीत युरेनियमचा अंश असतो. त्याच्या ऱ्हासातून रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. ३.८ दिवसांत तो निम्मा उरतो आणि त्यापासून पोलोनियमसारखे घन किरणोत्सारी अणू बनतात. ते श्वासातून जाऊन फुप्फुसाच्या अस्तराला चिकटतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्ये रेडॉनला कर्करोगकारक ठरवले. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना त्याचा धोका कितीतरी जास्त. घरातल्या हवेत दर घनमीटरला १०० बेकरेलपेक्षा कमी रेडॉन असावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचा ऱ्हास.

ओट्यातून किती येतो?

तीन मीटर लांब, ६० सेंटीमीटर रुंद आणि दोन सेंटीमीटर जाड ओटा साधारण ९५ किलो भरतो. ग्रॅनाइटच्या किलोमागे ५० बेकरेल रेडियम धरले, तर संपूर्ण ओट्यात तासाला सुमारे ३६ बेकरेल रेडॉन तयार होतो. स्वयंपाकघर ३० घनमीटरचे आहे आणि त्यातली निम्मी हवा तासाभरात बदलते, असे समजू. ओट्यातला सगळा रेडॉन बाहेर पडला, तरी हवेतली पातळी जेमतेम अडीच बेकरेलने वाढते. प्रत्यक्षात बराचसा वायू दगडाच्या कणांतच अडकून संपतो. एखादा ग्रॅनाइट चौपट किरणोत्सारी निघाला, तरी आकडा १० वरच थांबतो.

मग जमिनीचे काय?

त्याच खोलीच्या दहा चौरस मीटर फरशीखाली एक मीटर खोलीपर्यंत १६ टन मुरूम-माती असते. म्हणजे ९५ किलोंच्या जागी १६ हजार किलो. पांढरकवडा परिसरात बहुतेक ठिकाणी दख्खनचा काळा बेसॉल्ट आहे आणि त्यात युरेनियम कमी असते. किलोमागे दहा बेकरेल रेडियम धरले, तयार होणाऱ्या वायूचा पाचवा भाग कणांतून सुटला आणि तो सगळा घरात शिरला, तर पातळी १६ बेकरेलच्या आसपास जाते. तेच घर ग्रॅनाइटच्या जमिनीवर असते, तर हाच हिशेब ८० वर पोहोचला असता.

हा फरक हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावर दिसतो. पैनगंगा ओलांडून तेलंगणात शिरले, की निजामाबाद-कामारेड्डीच्या पट्ट्यात रस्त्याकडेला ग्रॅनाइटचे गोल धोंडे दिसू लागतात. इकडे पूर्वेला मुकुटबनच्या बाजूला बेसॉल्टऐवजी पैनगंगा गटातला चुनखडक आणि शेल वर येतो. चुनखडकात पाण्याने विरघळून झालेल्या पोकळ्या असतात, त्यांतून वायू लांबवर वाहू शकतो. म्हणून नुसता दगड ओळखून भागत नाही, त्यातल्या वाटाही पाहाव्या लागतात.

काळी कापसाची जमीन यात वेगळीच वागते. पावसाळ्यात ती फुगते, कणांमधली जागा पाण्याने भरते आणि वायूची वाट जवळपास बंद होते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. पण घर बांधताना आपण हीच चिकण माती काढून जोत्यात मुरूम भरतो, आणि मुरमातून वायू सहज फिरतो. पुढे कोब्याच्या तडा, भिंत-फरशीचा सांधा आणि पाइपभोवतीची फट एवढे त्याला पुरते.

कूलर की एसी?

बाहेरची हवा आत ढकलणारा कूलर रेडॉन पातळ करतो, शिवाय खोलीतला दाब किंचित वाढवून जमिनीतली हवा रोखतो. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो. बंद खोलीत एकटा एक्झॉस्ट फॅन चालला, तर फटींतून जमिनीतली हवा वर ओढली जाऊ शकते. सर्वाधिक पातळी बहुधा हिवाळ्याच्या रात्री, दारे-खिडक्या लावलेल्या तळमजल्यावर सापडते.

भूगर्भाच्या नकाशावरून अंदाज येतो, एखाद्या घराचा आकडा मात्र मोजूनच कळतो. त्यासाठी एलआर-११५ नावाची फिल्म छोट्या डबीत घालून, खिडकी-पंख्यापासून दूर, साधारण तीन महिने टांगतात. वायूतून निघालेले अल्फा कण फिल्मवर खुणा सोडतात. नंतर सोडियम हायड्रॉक्साइडच्या गरम द्रावणात त्या मोठ्या करून मोजतात. रेडॉन दिवसागणिक वरखाली होतो, म्हणून एका दिवसाच्या मोजणीवर विसंबत नाहीत. आकडा जास्त आलाच, तर ओटा उखडायचा नाही. आधी फटी बुजवायच्या. तेवढ्याने भागले नाही, तर फरशीखालून एक पाइप छतापर्यंत नेऊन त्याला लहान पंखा जोडायचा. जमिनीतली हवा मग घरात न शिरता थेट बाहेर जाते.