खिशातलं यंत्र – भाग १४ : काच नवी, ठसा जुना

गेल्या आठवड्यात आपण भराभर उतरणाऱ्या बॅटरीचं पाहिलं. आजची तक्रार मोबाइलच्या दुकानात रोज ऐकू येते : ‘फिंगर घेत नाही.’ नवा स्क्रीन गार्ड लावल्यावर किंवा रात्री अपडेट झाल्यावर सकाळी ती सुरू होते. मग बहुतेक जण जुना ठसा तसाच ठेवून आणखी एक ठसा नोंदवतात. खरं तर हे सर्वांत शेवटी करायचं काम आहे.

आधी एक शंका दूर करू. अपडेटनंतर फोन बंद होऊन चालू होतो आणि त्यानंतर पहिल्यांदा तो पिन किंवा पॅटर्नच मागतो. तो बिघाड नव्हे, अँड्रॉइडचा सुरक्षा नियम आहे. पिन एकदा दिल्यावरही बोट चालत नसेल, तरच पुढे जायचं.

आता फोन काय म्हणतो ते नीट पाहा. ‘ठसा जुळला नाही’ असा संदेश येत असेल, तर सेन्सर जागा आहे. त्याला बोट दिसतं, पण ओळखू येत नाही. बोट ठेवल्यावर काहीच घडत नसेल किंवा सेटिंगमधून फिंगरप्रिंटचा पर्यायच गायब झाला असेल, तर गोष्ट वेगळी. तिच्याकडे शेवटी येऊ.

ओळख का पटत नाही, हे सेन्सरच्या जातीवर अवलंबून आहे. स्क्रीनखालचे सेन्सर दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकाशावर चालतो. बोट ठेवताच स्क्रीनवर झगझगीत गोल उजळतो, बोटावरून परतलेला प्रकाश पिक्सेलांमधल्या फटींतून खाली जातो आणि ठशाचं चित्र निघतं. धूळ अडकलेली काच किंवा शेजाऱ्याला स्क्रीन दिसू न देणारा प्रायव्हसी गार्ड हे चित्र बिघडवतो. दुसरा सेन्सर ध्वनिलहरी सोडतो, त्यामुळे त्याला उजळणाऱ्या गोलाची गरज नसते. या लहरींना हवेचं वावडं आहे. गार्ड आणि स्क्रीन यांच्यामध्ये हवेचा पातळ थर राहिला, तर लहरी तिथूनच माघारी फिरतात.

समजा, अशा ध्वनिलहरींच्या फोनवर फक्त कडांना गोंद असलेली टेम्पर्ड ग्लास बसवली. काच दिसायला स्वच्छ, टच उत्तम, पण मध्यभागी हवा. इथे ठसा दहा वेळा नोंदवला तरी उपयोग नाही. परीक्षा सोपी आहे : गार्ड काढा, स्क्रीन पुसा, बोट लावा. लगेच उघडलं, तर दोष काचेचा. मग सेन्सरच्या जागेवर बुडबुडा न राहता पूर्ण चिकटणारी पातळ फिल्म किंवा द्रव गोंदाची यूव्ही ग्लास घ्यावी. काही फोनांत Touch sensitivity नावाची सेटिंग असते, तीही गार्ड लावल्यावर चालू करावी.

गार्ड कायम झाला की नोंदणी. जुने सगळे ठसे आधी पुसायचे, हा यातला मुख्य मुद्दा. ऑक्टोबर २०१९ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी एस१० आणि नोट१० मालिकेतल्या फोनांबाबत असं उघडकीस आलं, की काही सिलिकॉन कव्हर लावल्यावर ते भलत्याच बोटानेही उघडतात. कव्हरच्या आतल्या बाजूची नक्षी सेन्सर ठसा म्हणून वाचत होता. कंपनीने कव्हर काढून सगळे ठसे पुसायला, नव्याने नोंदवायला सांगितलं आणि सुधारित अपडेट दिलं. म्हणून नव्या काचेवर नोंदणी झाली, की घरातल्या दुसऱ्या कुणाचं बोट लावून पाहा. फोन उघडला, तर तो गार्ड उतरवून सगळे ठसे पुन्हा पुसा.

नोंदवताना हात कोरडे असावेत, पण भेगाळलेले नकोत. फोन रोज जसा धरता तसाच धरा आणि बोटाच्या टोकासह दोन्ही कडाही टेकवा. उघडायला मुख्यतः वापरता तो अंगठा दोनदा, वेगवेगळ्या नावांनी नोंदवला तरी चालतं. ठसे बदलल्यावर बँकेचं ॲप पुन्हा एमपिन मागेल. नवं बोट दिसताच जुनी परवानगी रद्द करण्याची सोय त्यात मुद्दाम ठेवलेली असते. तेव्हा ठसे पुसण्याआधी एमपिन आठवतोय ना, ते तपासा.

उरला पर्यायच गायब होण्याचा प्रकार. फोन एकदा बंद करून चालू करा आणि दुरुस्तीचं नवं अपडेट आलंय का ते बघा. उघड्या स्क्रीनवरही नोंदणी पुढे सरकत नसेल, तर सेन्सर किंवा त्याची जोडणी तपासायला सर्व्हिस सेंटरच गाठावं लागतं. अलीकडे स्क्रीन बदलली असेल, तर तिथे आवर्जून सांगा. काही फोनांत नव्या स्क्रीनशी सेन्सर जुळवून घ्यावा लागतो आणि बाहेरच्या दुकानात नेमकं तेच राहून जातं.

पुढच्या आठवड्यात : चार्जिंगच्या भोकातली ओल.