दर एकच, रक्कम वेगळी

एकाच बँकेच्या दोन पावत्या समोर ठेवू. दोन्हींवर मुद्दल 1,00,000 रुपये, मुदत 5 वर्षे, व्याजदर द.सा.द.शे. 7. पहिलीवर मुदतपूर्तीची रक्कम 1,00,000 लिहिली आहे, दुसरीवर 1,41,478. यात छपाईची चूक नाही. पहिल्या ठेवीचं व्याज दर तिमाहीला बचत खात्यात येतं, दुसरीचं व्याज ठेवीतच राहतं. सरळव्याज आणि चक्रवाढ व्याजातला सगळा फरक एवढाच आहे.

पहिल्या पावतीचं गणित शाळेतलंच:

```
I = P × R × N / 100
```

P म्हणजे मुद्दल, R म्हणजे वार्षिक दर, N म्हणजे वर्षे आणि I म्हणजे व्याज. उत्तर 35,000 रुपये येतं. दर तिमाहीला 1,750 याप्रमाणे वीस वेळा मिळून ते हाती पडतं आणि शेवटी मुद्दल परत मिळतं.

दुसऱ्या पावतीत चक्र वर्षाला नव्हे, तिमाहीला फिरतं. भारतातल्या बँकांच्या मुदत ठेवींवर सहसा अशीच आकारणी होते. म्हणून सूत्रात दराला 4 ने भागायचं आणि वर्षांना 4 ने गुणायचं. A म्हणजे मुदतीअखेरची रास:

```
A = P × (1 + R/400)^(4 × N)
A = 1,00,000 × (1.0175)^20 = 1,41,478
```

पहिल्या तिमाहीत दोन्ही ठेवींवर 1,750 रुपयेच व्याज. दुसऱ्या तिमाहीत चक्रवाढीच्या ठेवीचं मुद्दल 1,01,750 होतं, म्हणून व्याज साधारण 1,781 होतं. फरक जेमतेम 31 रुपयांचा. पण विसाव्या तिमाहीपर्यंत तेच व्याज सुमारे 2,433 रुपयांवर पोहोचतं, तर सरळव्याजाचे 1,750 तिथंच थांबलेले असतात.

| वर्षअखेर | सरळव्याज: मुद्दल आणि मिळालेलं व्याज | चक्रवाढ: ठेवीतली रक्कम | फरक |
|---|---|---|---|
| 1 | 1,07,000 | 1,07,186 | 186 |
| 2 | 1,14,000 | 1,14,888 | 888 |
| 3 | 1,21,000 | 1,23,144 | 2,144 |
| 4 | 1,28,000 | 1,31,993 | 3,993 |
| 5 | 1,35,000 | 1,41,478 | 6,478 |

वर्षभराच्या ठेवीत 186 रुपयांसाठी डोकं खाजवण्यात अर्थ नाही. मुदत लांबते तशी दरी रुंदावते. पण म्हणून पहिली पावती घेणारा फसला, असंही नाही. निवृत्त माणसाला दर तिमाहीला घरखर्चाला पैसे लागतात आणि ते त्याला मिळाले. ते पैसे न वापरता बचत खात्यात पडून राहिले तरच तोटा, कारण तिथला दर बराच कमी असतो.

या दोन पावत्यांच्या मधला एक प्रकार पोस्टात दिसतो. पोस्टाच्या मुदत ठेवीत व्याजाची आकारणी तिमाही चक्रवाढीने होते, पण व्याज दिलं जातं वर्षातून एकदा. ते न उचलता ठेवलं तर त्यावर पुढे व्याज मिळत नाही. म्हणजे वर्षाच्या आत चक्रवाढ आणि वर्षावर वर्ष चढताना सरळव्याज. 7 टक्के दर धरला तर वर्षाला 7,186 रुपये, पाच वर्षांत सुमारे 35,930. हे व्याज दरवर्षी उचलून दुसरीकडे गुंतवणं ठेवीदाराच्याच हातात असतं.

जाहिरातीत फसगत होते ती आणखी एका आकड्याने. 41,478 रुपये व्याजाला पाच वर्षांनी भागलं की वर्षाला सुमारे 8,296 येतात, आणि ‘8.30 टक्के वार्षिक उत्पन्न’ असं छापता येतं. आकडा खोटा नाही, पण तो व्याजदर नव्हे. एका वर्षात चक्रवाढीने 7 टक्क्यांचे फक्त 7.19 टक्के होतात. दोन ठेवींची तुलना करायची तर मूळ दर आणि चक्र किती महिन्यांनी फिरतं, हे दोनच प्रश्न विचारावेत.

पावतीवरचे 1,41,478 हाती पडतीलच असंही नाही. चक्रवाढ ठेवीचं व्याज शेवटी मिळत असलं तरी करासाठी ते दरवर्षी मोजलं जातं. एका बँकेतलं वर्षाचं एकूण व्याज 50,000 रुपयांच्या वर, ज्येष्ठ नागरिकांच्या बाबतीत 1 लाखाच्या वर गेलं, की बँक कर कापते (एप्रिल 2025 पासूनच्या मर्यादा). तो ठेवीच्या व्याजातून कापला गेला तर तेवढी रक्कम चक्राबाहेर पडते आणि तिच्यावरचं पुढचं व्याजही जातं.

आपली ठेव कोणत्या प्रकारची, हे ओळखायला पहिलं सूत्र पुरतं. मुदतपूर्तीची रक्कम मुद्दलाएवढीच असेल, तर व्याज मध्येच हातात येणार. ती मुद्दल अधिक `P × R × N / 100` एवढीच असेल, तर पाच वर्षं थांबूनही सरळव्याजच पदरात पडणार. त्याहून जास्त असेल, तर चक्रवाढ.