विश्लेषण : शिवनेरीच्या लेण्यात निळा रंग सापडला, तर तो कोणता हे कसे ओळखणार?

सातवाहनकालीन लेण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या जुन्नरमध्ये दगडावर रंगकामाचेही थोडे अवशेष उरले आहेत. शिवनेरीच्या कड्यातील एका लेण्याच्या छतावर चौकटी आणि त्यांत एकात एक काढलेली वर्तुळे दिसतात. जेम्स बर्जेस यांनी एकोणिसाव्या शतकात पश्चिम भारतातील लेण्यांची नोंद केली, तेव्हा या छतावरचे नारिंगी, तपकिरी आणि पांढरे रंग टिपले होते. त्यात निळा नाही. त्यामुळेच अशा जागी उद्या निळा ठिपका दिसला, तर तो कशाचा हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. उत्तरावरून चित्राचा काळ, व्यापाराचा मार्ग आणि नंतर कोणी हात फिरवला का, हे कळू शकते.

निळा इतका दुर्मीळ का?

लाल, पिवळा, तपकिरी हे रंग गेरू आणि पिवळ्या मातीतून मिळतात, पांढरा चुन्यातून आणि काळा काजळीतून. सह्याद्रीच्या काळ्या दगडातील पोकळ्यांत हिरवट खनिजही सापडते. निळ्याचे मात्र तसे नाही. जुन्या चित्रकारापुढे दोन खनिजांचा पर्याय असे. एक लाजवर्द, हा दगड दळून, धुऊन नैसर्गिक अल्ट्रामरीन मिळते. त्याची जुनी प्रसिद्ध खाण अफगाणिस्तानातील बदख्शानमध्ये आहे. दुसरे अझुराइट, म्हणजे तांब्याचे कार्बोनेट. ते तांब्याच्या खाणीच्या वरच्या थरात मिळते. गंमत अशी, की ‘अझुराइट’ हा शब्दही मुळात फारसी ‘लाजवर्द’वरूनच आला आहे. नावांचा हा गोंधळ जुन्या लिखाणातही आढळतो, म्हणून कागदावरच्या नावापेक्षा भिंतीवरचा कण जास्त विश्वासाचा.

अजिंठ्याने काय दाखवले?

महाराष्ट्रातील सर्वांत चांगले उदाहरण अजिंठ्याचे. तेथील लेणी क्रमांक 9 आणि 10 मधला जुना थर जुन्नरच्या आरंभीच्या लेण्यांच्या काळाजवळचा आहे. त्या थरात निळा आढळत नाही. पाचव्या शतकातील चित्रांत मात्र तो ठळकपणे येतो आणि तपासणीत तो लाजवर्दचा ठरला.

पण नुसत्या डोळ्यांनी हे ठरवता आले असते का? ढोबळ नियम असा, की अल्ट्रामरीनच्या निळ्यात किंचित जांभळी झाक असते, तर अझुराइटच्या निळ्यात हिरवट. भिंत नवी असती तर हा नियम उपयोगी पडला असता. अजिंठ्याच्या चित्रांवर मात्र 1920-22 मध्ये इटालियन संवर्धकांनी लाखेचे व्हार्निश लावले होते. असा थर काळाने पिवळा पडतो, आणि पिवळ्या थरातून पाहिलेला जांभळट निळाही हिरवट भासतो. म्हणजे व्हार्निशखालचा लाजवर्द अझुराइट वाटू शकतो. मंदिरांत दिव्याच्या तेलाची काजळी हेच काम करते. छटा ही पहिली शंका समजावी, निकाल नव्हे.

वागणुकीवरून ओळख कशी पटते?

झाक फसवते, पण रंगाचे वय होताना तो कसा बदलतो, हे सहसा फसवत नाही. अझुराइटमध्ये तांबे असल्याने ओल आणि क्षार यांच्या सहवासात ते हळूहळू हिरवे पडते. तांब्याच्या भांड्यावर हिरवट थर चढतो, त्याच जातीचा हा बदल आहे. त्यामुळे निळ्या पट्ट्याच्या कडेला, पावसाचे पाणी झिरपते तिथेच हिरवट डाग असेल, तर अझुराइटचा संशय बळावतो. डाग हिरवाच रंगवला होता की निळ्याचा हिरवा झाला, हे मात्र त्यात तांबे आहे का, यावर ठरते. अल्ट्रामरीन हिरवे पडत नाही. आम्लाशी गाठ पडली तर ते राखाडी होऊन विटते.

दुसरी खूण कणांची आहे. अझुराइट फार बारीक वाटले तर फिके पडते, म्हणून चित्रकार ते जाडसर ठेवतात. भिंगातून पाहिल्यास खरखरीत, काचेसारखे स्फटिक दिसतात. अवरक्त छायाचित्रात फरक आणखी स्पष्ट होतो : अल्ट्रामरीन उजळ दिसते, अझुराइट गडद. या पद्धतीला भिंतीला बोट लावायचीही गरज नाही, म्हणून ती पहिली वापरावी.

नमुना घ्यावाच लागला तर?

मग मिठाच्या कणाएवढा तुकडा पुरतो, तोही आधीच पोपडा निघालेल्या कडेचा. समजा असा कण काचपट्टीवर घेतला आणि त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला. बुडबुडे आले, की नवखा तपासनीस ‘अझुराइट’ म्हणून मोकळा होतो. इथेच चूक होते. खालच्या गिलाव्यातील चुनाही तसाच फसफसतो, आणि लाजवर्दच्या दगडात मिसळलेला कॅल्साइटही. बुडबुड्यांऐवजी निळ्या कणाकडे पाहावे. अझुराइट विरघळून थेंब निळसर-हिरवट होतो आणि त्यात पोटॅशियम फेरोसायनाइड टाकल्यास तांब्यामुळे लालसर तपकिरी साका येतो. अल्ट्रामरीनचा कण जागच्या जागी रंग सोडतो आणि सडक्या अंड्याचा किंचित वास येतो. त्याचा निळेपणा गंधकामुळे असतो आणि तो वायू त्याच गंधकाचा. वेगळा कण तापवला तर अझुराइट काळे पडते, अल्ट्रामरीन तसेच राहते.

आज हातात धरता येणारे क्ष-किरण यंत्र भिंतीवरच तांबे दाखवते. अडचण दुसऱ्या बाजूला आहे. अल्ट्रामरीनमधील सोडियम, अॅल्युमिनियम, सिलिकॉन ही मूलद्रव्ये हलकी असतात. त्यांतली बहुतेक मागच्या बेसॉल्टमध्ये आणि मातीच्या गिलाव्यातही असतात. तांबे नाही, एवढेच यंत्र सांगते. ‘म्हणून लाजवर्द’ हे त्यावरून सिद्ध होत नाही. ते नीळही असू शकते. खात्रीसाठी रामन वर्णपट घेतात. त्यात अल्ट्रामरीनची ठळक रेषा 548 च्या आसपास येते.

वाड्यातला निळा वेगळा का?

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील जुन्या वाड्यांच्या किंवा देवळांच्या भिंतींवरचा निळा तपासताना आणखी एक पाहुणा लक्षात ठेवावा लागतो. 1828 मध्ये फ्रान्समध्ये कृत्रिम अल्ट्रामरीन तयार झाले आणि रंग स्वस्त झाला. पांढऱ्या कपड्यांना लावायची निळीची जुनी भुकटी म्हणजे बहुधा हेच. रासायनिक चाचणीत ते लाजवर्दसारखेच वागते, म्हणून आम्लाचा थेंब येथे उपयोगाचा नाही. सूक्ष्मदर्शक लागतो. दळलेल्या लाजवर्दचे कण लहानमोठे, धारदार असून त्यांत रंगहीन खडेही दिसतात. कृत्रिम रंगाचे कण अतिशय बारीक, गोलसर आणि एकसारखे असतात. असे कण मिळाले, तर तो थर 1828 नंतरचा, मग भिंत पेशवाईतली का असेना. अर्थात तो थर डागडुजीचा असू शकतो, त्यामुळे खालचा थरही पाहावा लागतो.

जुन्नरची लेणी केंद्र संरक्षित स्मारके आहेत. तिथे रंग खरवडणे 1958 च्या प्राचीन स्मारके कायद्यानुसार गुन्हा आहे. 2010 च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. भेट देणाऱ्याला करता येण्याजोगे एवढेच, की निळा किंवा हिरवा डाग दिसल्यास फ्लॅश न वापरता फोटो काढावा, भिंतीवर तो नेमका कुठे आहे आणि वरून पाणी झिरपते का याची नोंद करावी, आणि ती भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाला कळवावी.