पूर्वपक्षाची मांडणी आणि उत्तरपक्षाचा परिच्छेद : गुळवेलीच्या वादाच्या निमित्ताने



जुलै 2021 मध्ये गुळवेलीमुळे यकृतास इजा होते, अशा आशयाची वृत्ते दैनिकांत प्रसिद्ध झाली. त्यानंतर काही दिवसांतच सातारा येथील आमच्या चिकित्सालयात एक मध्यमवयीन भगिनी वृत्तपत्राचे कात्रण घेऊन आल्या. त्यांना आमवात होता व थायरॉईडची औषधे चालू होती. साथीच्या काळात घरातील सर्वांबरोबर त्याही तीन-साडेतीन महिने रोज गुळवेलीचा काढा घेत होत्या. "काढा चालू ठेवू की बंद करू?" एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्याच सुमारास सांगलीच्या एका औषधी विक्रेत्या बंधूंनी ग्राहकांना देण्यासाठी तयार केलेल्या पत्रकाचा मसुदा आमच्याकडे तपासण्यासाठी पाठविला होता. त्यातील उत्तराचा परिच्छेद असा होता :

"गुळवेलीविषयी काही पाश्चात्त्य विचारांच्या डॉक्टरांनी अपप्रचार चालविला आहे. हजारो वर्षे वापरली जाणारी अमृता कोणास अपाय करील हे संभवत नाही. आयुष मंत्रालयानेही हे आरोप फेटाळले आहेत. तरी सर्वांनी निःशंकपणे सेवन करावे."

हे पत्रक त्या भगिनींच्या हाती पडले असते तर काय झाले असते, या विचारातून प्रस्तुत लेख सिद्ध झाला आहे. प्रतिकूल मताचा आधार नमूद करून त्यास पुराव्याने उत्तर देणारा परिच्छेद कसा लिहावा, हे याच एका उदाहरणावरून पाहू.

शास्त्रातील आधार

ही पद्धत आपल्याला परकी नाही. सुश्रुताच्या उत्तरतंत्रात सांगितलेल्या 32 तंत्रयुक्तींमध्ये पूर्वपक्ष आणि निर्णय या दोन युक्ती आहेत. आक्षेपासह विचारलेला प्रश्न तो पूर्वपक्ष, आणि त्याचे उत्तर तो निर्णय. म्हणजे निर्णयाचे मोल पूर्वपक्ष किती चोख मांडला यावर ठरते. चरकाने विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात संधायसंभाषा आणि विगृह्यसंभाषा असे चर्चेचे दोन प्रकार सांगितले, आणि छल व अहेतू हे दोषही तेथेच सांगितले. वरील मसुद्यात छलही आहे आणि अहेतूही आहे. 'अपप्रचार' म्हणणे हा प्रतिपक्षाच्या हेतूवर केलेला आघात आहे, त्याच्या म्हणण्याचे उत्तर नव्हे. आणि 'हजारो वर्षे' हा हेतू साध्य सिद्ध करू शकत नाही, कारण दर काही हजारांत एखाद्यासच होणारा अपाय परंपरेच्या स्मृतीत नोंदला जाईलच असे नाही.

पहिली पायरी : प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याच शब्दांच्या वजनाने मांडणे

वृत्तपत्रातील मथळ्यास उत्तर देऊ नये. मूळ निबंध मिळवून वाचावा. येथे मूळ निबंध डॉ. आभा नागरल व सहकाऱ्यांचा असून तो 2021 साली 'जर्नल ऑफ क्लिनिकल अँड एक्स्परिमेंटल हिपॅटॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सप्टेंबर ते डिसेंबर 2020 या काळात मुंबईत पाहिलेल्या सहा रुग्णांचा तो वृत्तान्त आहे. गुळवेल सर्वांनाच घातक आहे, असे लेखकांनी म्हटलेले नाही. गुळवेल स्वप्रतिकारजन्य यकृतशोथासारखी अवस्था निर्माण करते किंवा आधीच सुप्त असलेला तसा विकार प्रकट करते असे दिसते, एवढेच त्यांचे प्रतिपादन आहे. आणि त्याचा संबंध त्यांनी गुळवेलीच्या रोगप्रतिकारक्षमता उत्तेजित करण्याच्या गुणाशीच जोडला आहे. म्हणजे जो गुण आपण सांगतो, त्याच गुणाची ही दुसरी बाजू आहे. मसुदा लिहिणाऱ्या बंधूंनी हा निबंध वाचला नव्हता. त्यामुळे त्यांनी जे खोडले ते कोणी म्हटलेलेच नव्हते.

पूर्वपक्ष नीट उतरला की नाही, याची एक सोपी कसोटी आहे. आपण लिहिलेली ती दोन वाक्ये मूळ लेखकांना वाचून दाखविली, तर "होय, आमचे म्हणणे हेच" असे ते म्हणतील काय? उत्तर नकारार्थी वाटत असेल तर पुढे लिहू नये.

दुसरी पायरी : मान्य काय आणि अमान्य काय, याची वाटणी

रुग्णांना यकृतशोथ झाला, ही गोष्ट तपासण्यांनी सिद्ध आहे. ती नाकारता येत नाही. तो गुळवेलीमुळेच झाला काय, हा कार्यकारणाचा प्रश्न आहे. आणि तसे असल्यास किती जणांस होतो, हा तिसरा प्रश्न आहे. सहा रुग्णांच्या वृत्तान्तावरून या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळूच शकत नाही, कारण त्या काळात एकूण किती जणांनी गुळवेल घेतली हा छेद उपलब्ध नाही. ही मर्यादा दाखविणे हे न्याय्य उत्तर आहे. मात्र तीच मर्यादा आपल्यालाही लागू पडते. "आमच्याकडे शेकडो रुग्णांनी घेतली, कोणास काही झाले नाही" असे आपण म्हणतो, तेव्हा त्यांपैकी कितीजणांची यकृताची तपासणी आपण आधी व नंतर केली होती, असे प्रतिपक्ष विचारणारच.

तिसरी पायरी : उत्तराचा पुरावा आक्षेपाच्या जागीच लागू पडतो काय, हे तपासणे

आयुष मंत्रालयाने जुलै 2021 मध्ये दिलेल्या उत्तराचा गाभा असा होता की, रुग्णांनी सेवन केलेल्या वनस्पतीची ओळख पटविलेली नाही. टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया ऐवजी तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा घेतली गेली असण्याची शक्यता आहे, आणि ती यकृतास घातक ठरू शकते. हा आक्षेप त्या वेळी रास्त होता. क्रिस्पाच्या खोडावर चामखिळीसारख्या गाठी दाट असतात. आपल्या गुळवेलीची साल कागदासारखी पातळ सुटते व आत हिरवेपणा दिसतो. सुकलेल्या तुकड्यांत किंवा चूर्णात हा भेद डोळ्यांनी कळत नाही.

परंतु 'शक्यता आहे' हे विधान म्हणजे पुरावा नव्हे. तो पुराव्याची मागणी करणारा प्रश्न आहे. पुढे 2022 साली 'हिपॅटॉलॉजी कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात कुलकर्णी व सहकाऱ्यांनी देशातील 13 केंद्रांतून 43 रुग्णांचा वृत्तान्त दिला, आणि त्यात मिळालेल्या नमुन्यांची रासायनिक व विषशास्त्रीय तपासणीही केली. त्यामुळे आज केवळ चुकीच्या वनस्पतीच्या मुद्द्यावर विसंबून लिहिलेले उत्तर जुने झालेले उत्तर ठरते. प्रतिपक्षाचा सर्वांत नवा व सर्वांत बळकट आधार कोणता, हे पाहूनच उत्तर लिहावे.

आता आपल्या बाजूचा एक बळकट पुरावा पाहू. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील रेगे, बापट, डहाणूकर आदींनी 1993 साली अर्बुदजन्य अवरोधी कामलेच्या 30 रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताचा निचरा चालू असताना एका गटास नेहमीचे उपचार व दुसऱ्या गटास त्यासोबत गुळवेल, शरीरभाराच्या प्रतिकिलो 16 मि. ग्रॅ. रोज, अशी दिली. पहिल्या गटात निम्म्या रुग्णांत रक्तदुष्टीची लक्षणे दिसली, गुळवेलीच्या गटात एकातही नाही. शस्त्रकर्मोत्तर जीवितांचे प्रमाण पहिल्या गटात 40 टक्के तर दुसऱ्यात 92.4 टक्के होते. यकृत विकृत असलेल्या रुग्णांतही गुळवेल उपकारक ठरली, हा मुद्दा निश्चितच मोलाचा आहे.

तथापि तो आक्षेपाच्या जागी पूर्ण बसत नाही. ते रुग्ण रुग्णालयात निरीक्षणाखाली होते, मात्रा निश्चित होती आणि आजार स्वप्रतिकारजन्य नव्हता. उलट 2022 च्या वृत्तान्तात सेवन सुरू केल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा मध्यम काळ 46 दिवसांचा होता. म्हणून या पुराव्यावरून 'गुळवेल सर्वथा निरुपद्रवी' असे म्हणता येत नाही. 'योग्य रुग्णात, निश्चित मात्रेत, निरीक्षणाखाली ती उपकारक ठरल्याचा पुरावा आहे' एवढेच म्हणता येते. साध्य एवढे आखूड केले की ते कोणास मोडता येत नाही.

सिद्ध परिच्छेद

या तिन्ही पायऱ्यांनंतर आम्ही त्या बंधूंना पुढील परिच्छेद लिहून दिला. 2022 चा वृत्तान्त प्रसिद्ध झाल्यावर त्यात भर घातली :

"मुंबईतील नागरल व सहकाऱ्यांनी 2021 मध्ये सहा, आणि कुलकर्णी व सहकाऱ्यांनी 2022 मध्ये विविध केंद्रांतील 43 रुग्णांत गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतशोथ झाल्याचे नोंदविले असून, स्वप्रतिकारजन्य विकाराची प्रवृत्ती असणाऱ्यांत हा धोका संभवतो असे त्यांचे मत आहे. या नोंदी आम्ही गांभीर्याने घेतो. मात्र गुळवेल घेणाऱ्या एकूण व्यक्तींची संख्या त्यांत नसल्याने अपायाचे प्रमाण त्यांवरून ठरविता येत नाही. दुसरीकडे, के. ई. एम. रुग्णालयातील 1993 च्या अभ्यासात अवरोधी कामलेच्या रुग्णांना निश्चित मात्रेत दिलेली गुळवेल उपकारक ठरली. म्हणून गुळवेल त्याज्य नाही. परंतु ती वैद्यांच्या सल्ल्याने, ठराविक मात्रेत व ठराविक काळच घ्यावी. आमवात, थायरॉईडचा स्वप्रतिकारजन्य विकार अथवा पूर्वीचा यकृतविकार असणाऱ्यांनी ती स्वतःहून घेऊ नये, आणि सेवनकाळात डोळे किंवा लघवी पिवळी होणे, भूक मरणे, अंगास खाज सुटणे यांपैकी काहीही आढळल्यास ती त्वरित थांबवून यकृताची तपासणी करावी."

या परिच्छेदाचा क्रम लक्षात घ्यावा. आधी प्रतिपक्ष नाव व सालासह, मग मान्यता, मग मर्यादा, मग आपला पुरावा, आणि शेवटी पुराव्याइतकाच निष्कर्ष. 'मात्र' हा शब्द मान्यतेनंतर आला आहे, आधी नाही. मान्यतेचे वाक्य गाळून पाहावे. उरलेला परिच्छेद लगेच वकिली वाटू लागतो.

औषधी विक्रेत्यांसाठी एक सूचना

ओळखीचा मुद्दा उत्तरात मांडावयाचा असेल, तर तो आपल्या मालाविषयी सिद्ध करता आला पाहिजे. ओली वेल कोठून व कोणी आणली, खोडाचा नमुना कोणी पाहून खात्री केली, चूर्ण करण्यापूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली काय, याची घाणनिहाय नोंद आणि राखून ठेवलेला नमुना दुकानी असावा. अशी नोंद असेल तर "आमच्या घाणातील वनस्पती कॉर्डिफोलियाच आहे" हे वाक्य लिहावे. नसेल तर ते वाक्य गाळावे. तेवढ्याने परिच्छेद दुबळा होत नाही, खोटा होण्यापासून वाचतो.

त्या भगिनींचा काढा आम्ही त्याच दिवशी थांबविला आणि यकृताची तपासणी करून घेतली. सुदैवाने ती प्राकृत आली. सांगलीच्या बंधूंनी जुने पत्रक रद्द करून नवे छापले. नव्या पत्रकामुळे गुळवेलीचा खप थोडा उतरला, असे त्यांनी नंतर सांगितले. पण आमवाताचे काही ग्राहक पत्रक वाचून आधी वैद्यांकडे गेले, हेही त्यांनीच सांगितले.