फॅक्टशीटच्या फोटोत काय सुटतं?

म्युच्युअल फंडाची ओळख अनेकांना हल्ली व्हॉट्सअॅपवर होते. मेहुणा किंवा ऑफिसातला सहकारी एका छापील पानाचा फोटो पाठवतो आणि खाली लिहितो, ‘हा फंड चांगला आहे, बघा.’ ते पान म्हणजे फॅक्टशीट, फंड कंपनीने दर महिन्याला काढलेला योजनेचा हिशेब. आजवर मुदत ठेव आणि पोस्टाच्या पलीकडे न गेलेला माणूस तो फोटो मोठा करून बघतो. परताव्याचे आकडे ठळक असतात, ते लगेच दिसतात. कोपऱ्यातल्या तीन गोष्टी मात्र तशाच राहतात: एक्स्पेन्स रेशो, एक्झिट लोड आणि अर्धवर्तुळाकार रिस्कोमीटर. पहिल्यांदा पैसे घालणाऱ्याला याच तीन गोष्टी समजायला हव्यात. अडचण अशी की यातली एकही गोष्ट नुसत्या आकड्यावरून कळत नाही. शेजारची ओळ वाचावी लागते, आणि फोटो काढताना नेमकी तीच कापली जाते.

उदाहरणासाठी फ्लेक्सी कॅप प्रकारातली, म्हणजे लहान-मोठ्या सगळ्या कंपन्यांचे शेअर घेऊ शकणारी एक काल्पनिक योजना धरू. तिच्या फॅक्टशीटवर लिहिलंय: एक्स्पेन्स रेशो, रेग्युलर १.७० टक्के, डायरेक्ट ०.७० टक्के. एक्झिट लोड, एक वर्षाच्या आत १ टक्का, त्यानंतर शून्य. रिस्कोमीटरचा काटा ‘व्हेरी हाय’वर.

एक्स्पेन्स रेशो म्हणजे योजना चालवण्याचा वर्षाचा खर्च, योजनेतल्या एकूण रकमेच्या टक्केवारीत. फंड मॅनेजरची फी, हिशेबनिसाचं आणि रजिस्ट्रारचं काम, एजंटाचं कमिशन, सगळं त्यात येतं. याचं बिल घरी येत नाही आणि खात्यातून वेगळी वजावटही होत नाही. वर्षाच्या टक्क्यांचा रोजचा वाटा योजनेच्या रकमेतून काढून घेतात आणि मगच त्या दिवसाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, जाहीर होते. आपल्या योजनेत एक लाख रुपये असतील तर १.७० टक्क्यांनी वर्षाला सतराशे रुपये, म्हणजे दिवसाला सुमारे चार रुपये सहासष्ट पैसे जातात. बाजार चढला तरी जातात, पडला तरी जातात. फॅक्टशीटवरचा परतावा हा खर्च वजा जाताच छापलेला असतो, म्हणून परताव्यातून तो पुन्हा वजा करू नये.

आता शेजारची ओळ. एकाच योजनेचे दोन दर का? सेबीच्या नियमामुळे १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेला डायरेक्ट प्लॅन ठेवावा लागतो. रेग्युलर प्लॅनमध्ये एजंटाचं, बँकेचं किंवा वितरकाचं कमिशन त्याच खर्चात धरलेलं असतं आणि आपण गुंतवणूक ठेवू तोवर दरवर्षी ते दिलं जातं. डायरेक्टमध्ये कमिशन नसतं. शेअर तेच, मॅनेजर तोच. कापलेल्या फोटोत ‘०.७०’ दिसतं, पण पैसे भरताना बँकेतला माणूस जो फॉर्म पुढे करतो तो १.७० वाला असतो. फोटोत दोन एनएव्ही दिसत असतील तर जास्त एनएव्ही सहसा डायरेक्टची असते. ते युनिट ‘महाग’ नसतं, खर्च कमी कापला गेल्यामुळे त्याची किंमत जास्त वाढलेली असते.

एका टक्क्याने काय बिघडतं? खर्चाआधी वर्षाला ११ टक्के वाढ झाली असं फक्त हिशेबापुरतं धरू. खर्च वजा जाता रेग्युलरमध्ये साधारण ९.३ आणि डायरेक्टमध्ये १०.३ टक्के उरतात. एक लाखाचे पंधरा वर्षांनी पहिल्या दराने सुमारे तीन लाख ऐंशी हजार होतात, दुसऱ्या दराने सुमारे चार लाख पस्तीस हजार. म्हणजे फरक पंचावन्न हजारांचा. हे पैसे वाया गेले असं मात्र सरसकट म्हणता येत नाही. बाजार कोसळल्यावर घाबरून पैसे काढू न देणारा, अर्ज आणि वारसनोंद नीट करून देणारा एजंट असेल तर तो त्याचा मोबदला आहे. तो फक्त सही घेण्यापुरता येत असेल, तर पंचावन्न हजार फार झाले.

एक्स्पेन्स रेशोची तुलना एकाच प्रकारच्या योजनांत आणि एकाच प्लॅनमध्ये करावी. लिक्विड फंडाचा खर्च शेअरच्या योजनेपेक्षा कितीतरी कमी असतो, पण त्यामुळे तो तिच्यापेक्षा ‘स्वस्त’ ठरत नाही, कारण दोघांचं कामच वेगळं. शिवाय हा दर कायमचा नसतो. तो बदलायचा तर कंपनीला आधी कळवावं लागतं, पण दोन वर्षांपूर्वीच्या फोटोतला दर आज तोच असेल असं नाही. आजचा दर फंड कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा amfiindia.com वर मिळतो.

एक्झिट लोड हा वेगळा प्रकार. योजनेत पैसे घालताना लागणारं शुल्क, म्हणजे एंट्री लोड, सेबीने ऑगस्ट २००९ पासून बंद केलं. लवकर बाहेर पडलं तर कापला जाणारा हिस्सा मात्र आहे. मुदत ठेव मुदतीआधी मोडली की बँक व्याज कमी करते, तसंच हे वाटतं, पण एक मोठा फरक आहे. ठेवीत झळ व्याजाला बसते. एक्झिट लोड काढलेल्या संपूर्ण रकमेवर लागतो, नफा झालेला असो वा तोटा. कापलेली रक्कम फंड कंपनीच्या खिशात जात नाही. २०१२ नंतरच्या नियमानुसार ती योजनेतच परत जमा होते, म्हणजे मागे थांबलेल्यांच्या वाट्याला येते.

इथे बहुतेकांची फसगत एसआयपीत होते. ‘एक वर्ष’ हे खातं उघडल्यापासून मोजत नाहीत, प्रत्येक हप्त्याचं वर्ष वेगळं. समजा, कोणी जानेवारीपासून दर महिन्याच्या १० तारखेला पाच हजार भरले आणि पुढच्या वर्षी २० मार्चला सगळे पैसे काढले. तिच्या मते सव्वा वर्ष उलटलं. प्रत्यक्षात पंधरा हप्त्यांपैकी पहिल्या वर्षीचे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च हे तीनच वर्ष ओलांडून गेले आहेत. उरलेले बारा हप्ते वर्षाच्या आतले. त्यांचं मूल्य त्या दिवशी ६३ हजार असेल तर ६३० रुपये कापले जातील. बाजार पडलेला असून मूल्य ५७ हजार असेल, तर तोटा सोसून वर ५७० रुपये जातील.

तिला गरजच पंधरा हजारांची असेल, तर तेवढेच काढावेत. युनिट विकताना सर्वांत जुने आधी विकले गेले असं धरतात, त्यामुळे ही रक्कम पहिल्या तीन हप्त्यांतून निघते आणि लोड लागत नाही. एका योजनेतून दुसरीत पैसे वळवणं, म्हणजे ‘स्विच’, हेही बाहेर पडणंच मानलं जातं. त्यावरही लोड लागू शकतो.

एक्झिट लोडचं वाक्य फॅक्टशीटवर लांबलचक आणि बारीक अक्षरात असतं. काही योजना वर्षाच्या आत दहा टक्के युनिट लोडशिवाय काढू देतात. लिक्विड फंडात पहिल्या सहा दिवसांत उतरता, अगदी नगण्य लोड असतो आणि सातव्या दिवसापासून शून्य. फोटोत ‘१ टक्का’ दिसून पुढचं वाक्य कापलेलं असेल, तर तो आकडा अपुरा समजावा.

राहिला रिस्कोमीटर. लो, लो टू मॉडरेट, मॉडरेट, मॉडरेटली हाय, हाय आणि व्हेरी हाय अशा त्याच्या सहा पायऱ्या. आजची पद्धत जानेवारी २०२१ पासून लागू आहे. काटा कुठे ठेवायचा हे फंड कंपनी मनाने ठरवत नाही. योजनेत त्या महिन्यात जे शेअर आणि रोखे आहेत, त्यांना सेबीने ठरवलेले गुण देऊन सरासरी काढतात. सरासरी पाचच्या वर गेली की ‘व्हेरी हाय’. शेअरमध्ये मोठ्या कंपनीला आकाराचे ५ गुण, मध्यमला ७ आणि लहानला ९. त्यात किमतीची चढउतार आणि शेअर विकायला किती सोपा, याचेही गुण मिसळतात.

मोठ्या कंपन्यांचीच सुरुवात पाचापासून होते, त्यामुळे थोड्याशा चढउतारानेही सरासरी पाच ओलांडते. परिणामी निफ्टी ५० चा साधा इंडेक्स फंड आणि छोट्या कंपन्यांचा स्मॉल कॅप फंड दोघांचे काटे ‘व्हेरी हाय’वरच दिसतात. स्मॉल कॅप पडतो तेव्हा किती खोल पडू शकतो, हे त्या काट्यावरून कळत नाही. शेअरच्या दोन योजनांत निवड करताना रिस्कोमीटरचा फारसा उपयोग नाही. तिथे योजनेचा प्रकार आणि यादीतल्या कंपन्यांचा आकार पाहावा.

रोख्यांच्या योजनांत मात्र काटा खूप सांगतो. सरकारी रोख्यांचा गिल्ट फंड घ्या. सरकार पैसे बुडवणार नाही, म्हणून पतजोखमीचा गुण १. ते रोखे सहज विकले जातात, तिथेही १. पण दीर्घ मुदतीचे असतील तर व्याजदर वाढताच त्यांची किंमत घसरते, त्यासाठी ६. तिन्हींची सरासरी २.६७, म्हणजे ‘मॉडरेट’. ‘सरकारी आहे, म्हणजे ठेवीसारखंच’ असं समजून आत शिरणाऱ्याला हा काटा वेळीच थांबवू शकतो.

फोटोत दोन अर्धवर्तुळं दिसली तर एक योजनेचं आणि दुसरं तिच्या बेंचमार्कचं, म्हणजे ज्या निर्देशांकाशी तिची तुलना होते त्याचं असतं. वरचं नाव वाचल्याशिवाय ती ओळखता येत नाहीत. काळ्यापांढऱ्या प्रतीत रंग गेलेले असतात, म्हणून काट्याखालचं वाक्य वाचावं. आणि काटा दर महिन्याला नव्याने ठरतो, तेव्हा पानाची तारीख हवीच.

म्हणून फोटो पाठवणाऱ्याला परताव्याबद्दल काही विचारण्याआधी पूर्ण पान मागावं, महिना आणि प्लॅनचं नाव दिसेल असं. मग आधी योजनेचा प्रकार आणि काटा बघायचा: पडझड झाली तर हे पैसे तितका काळ अडकलेले चालतील का? नाही, असं उत्तर आलं तर पुढचं वाचायची गरज नाही. चालणार असतील तर एक्झिट लोडची मुदत आणि आपल्याला पैसे लागण्याची तारीख शेजारी ठेवायची. एक्स्पेन्स रेशो शेवटी, आणि तोही त्याच प्रकारच्या दोन-तीन योजनांचा मांडून. न पेलणारी योजना कमी खर्चाची आहे म्हणून पेलणारी होत नाही.