वगळलेल्या विषयांचं पुढे काय?

कार्यालयात, कारखान्यात, शाळेत, संस्थेत दुपारच्या सुमारास एक निरोप वरचेवर येतो: ‘आजची मीटिंग तासाऐवजी वीस मिनिटांची, फोनवरच उरकू.’ ऐकणाऱ्याला बरं वाटतं. पण ज्याने दोन दिवस राबून आकडे तयार केलेले असतात, त्याला पहिला प्रश्न पडतो तो हा: माझा विषय होणार की नाही? बहुतेक निरोपांत याचं उत्तर नसतं. मग तो माणूस तयारीनिशी कॉलवर येतो, मध्येच ‘दोन मिनिटं घेतो’ म्हणतो आणि वीस मिनिटांची पस्तीस होतात. वेळ कमी करणं सोपं आहे. कष्ट आहेत ते प्रत्येक विषय कुठे जाणार हे ठरवण्यात आणि संबंधितांना आधी सांगण्यात.

एक उदाहरण घेऊ. चाकणसारख्या औद्योगिक भागात वाहनांचे सुटे भाग बनवणारा मध्यम आकाराचा कारखाना आहे असं समजा. मंगळवारी दुपारी 3 ते 4 अशी साप्ताहिक बैठक, आठ माणसं, पाच विषय. पहिला, गेल्या महिन्यात रद्द झालेल्या मालाचा, म्हणजे रिजेक्शनचा आढावा. दुसरा, दहा दिवसांवर आलेल्या गणपतीतल्या शिफ्ट. तिसरा, शुक्रवारी जायचे 1,200 ब्रॅकेट. पोलादाची कॉइल बुधवारऐवजी शनिवारी येणार असल्याने हातात माल आहे तो 800 नगांचाच. चौथा, गळती तपासायच्या नव्या मशीनची कोटेशनं. पाचवा, कँटीनची वेळ. सकाळी 11 वाजता कळतं की एक ग्राहक कंपनी दुपारी साडेतीनला भेटीला येते आहे. प्लांट मॅनेजरच्या हातात उरतात 20 मिनिटं.

इथे सहज होणारी चूक म्हणजे पाच विषयांना चार-चार मिनिटं वाटून देणं. असं केलं की पाचही विषयांना हात लागतो आणि एकही निकालात निघत नाही. तिसऱ्या विषयालाच बारा मिनिटं हवीत, कारण तिथे पैसा, ग्राहक आणि गुणवत्ता या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. म्हणून प्रश्न असा विचारायचा: आज, याच माणसांनी एकमेकांचं ऐकून ठरवल्याशिवाय कोणती गोष्ट अडेल? मॅनेजरच्या यादीत तशी गोष्ट एकच दिसते, ब्रॅकेट. बाकीच्या विषयांत काही नुसती माहिती आहे, काही थांबू शकतं, काही दोघांचंच काम आहे.

पण हा निवाडा मॅनेजरने खुर्चीत बसून एकट्याने करू नये. ज्याचा विषय वगळायचा त्याला आधी फोन करावा आणि एकच विचारावं: ‘हा विषय आज झाला नाही तर कुठे अडेल?’ या फोनला दोन मिनिटं लागतात आणि पुष्कळदा यादीच बदलते. आपल्या उदाहरणात गुणवत्ता विभागाच्या प्रमुख सांगतात, ‘सर, बाकी आकडे मी लिहून पाठवते. पण यातलं मोठं रिजेक्शन त्याच ब्रॅकेटचं आहे. डाय झिजलीय, कडेला बर राहतेय.’ बर म्हणजे कापलेल्या पत्र्याच्या कडेला उरणारी धारदार किनार. याचा अर्थ 800 नगांतले काही पुन्हा तपासावे लागणार आणि शुक्रवारी प्रत्यक्ष जाणारा आकडा 800 पेक्षा कमी असणार. पहिला विषय जसाच्या तसा गाळला असता, तर तिसऱ्या विषयाचा निर्णय चुकीच्या आकड्यावर झाला असता. कागदावर वेगळे दिसणारे दोन विषय आतून जोडलेले असतात ते असे. यादी बनवणाऱ्याला तो सांधा दिसत नाही, काम करणाऱ्याला दिसतो.

असाच फोन खरेदी विभागाला. कोटेशनांची मुदत महिनाअखेरपर्यंत असेल तर मशीनचा विषय आठवडाभर थांबू शकतो. ती परवा संपत असेल तर थांबवणं म्हणजे जुना भाव गमावणं. हे विचारल्याशिवाय ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणता येत नाही.

कँटीनच्या वेळेचा विषय मला मुद्दाम जरा थांबून बघावासा वाटतो. तो पाच मिनिटांचा आणि बिनमहत्त्वाचा दिसतो, म्हणून सगळ्यात आधी त्याच्यावर काट बसते. पण तो गेल्या दोन बैठकांतही राहून गेला असेल, तर तिसऱ्यांदा तो राहण्याचा अर्थ कामगार प्रतिनिधीच्या लेखी वेगळा होतो: आमचं जेवण यांच्या मोजणीतच नाही. दुसरीकडे, असा विषय बैठकीत घेतला तर तो पाच मिनिटांत संपतही नाही. नॉर्थकोट पार्किन्सन या ब्रिटिश लेखकाने 1957 साली पुस्तकरूपात आलेल्या आपल्या लेखनात हे नेमकं टिपलं होतं. अणुभट्टीचा अवाढव्य खर्च समिती झटकन मंजूर करते, कारण त्यातलं फारसं कोणाला कळत नाही. सायकलींच्या शेडवर मात्र ती रेंगाळते, कारण त्यावर प्रत्येकाला बोलता येतं. कँटीनचं तेच. म्हणून हा विषय पुढे ढकलण्याऐवजी मोठ्या बैठकीतून कायमचा काढावा आणि दोन माणसांना निर्णयाच्या अधिकारासह सोपवावा.

म्हणजे ‘वगळला’ या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी घडतात. काही विषय लेखी होतात. काही तारीख घेऊन पुढे जातात. काही बैठकीतून कायमचे सुटतात आणि कोणाकडे तरी सोपवले जातात. निरोपात प्रत्येक विषयापुढे यातलं काय झालं ते यायला हवं. ‘उरलेलं नंतर’ या दोन शब्दांत तिन्ही गोष्टी मिसळतात आणि प्रत्येक जण आपापल्या सोयीचा अर्थ लावतो.

मॅनेजरचा निरोप साधारण असा असावा:

‘नमस्कार. आजची 3 ते 4 ची बैठक आता 3 ते 3:20 अशी कॉलवर होईल. साडेतीनला ग्राहकाची भेट ठरली आहे.

आज निर्णय एकाच गोष्टीचा: शुक्रवारी आहेत तेवढे ब्रॅकेट पाठवायचे की बाहेरून पट्टी घेऊन 1,200 पूर्ण करायचे. बर किती नगांना आहे तो आकडा याच चर्चेत येईल.

गणपतीतल्या शिफ्ट: तक्ता सोबत जोडला आहे. हरकत असेल तर कॉलवर किंवा संध्याकाळी 5 पर्यंत मला सांगा. त्यानंतर तक्ता फलकावर लागेल.

रिजेक्शनचा बाकी आढावा: गुणवत्ता विभागाकडून उद्या 12 पर्यंत एक पान येईल. प्रश्न थेट त्यांना विचारा.

मशीनची कोटेशनं: पुढच्या मंगळवारी पहिला विषय. मुदत महिनाअखेरपर्यंत आहे, खरेदी विभागाने खात्री केली आहे.

कँटीनची वेळ: एचआर आणि कामगार प्रतिनिधी गुरुवारी बसून ठरवतील. त्यांचा निर्णय अंतिम.

कॉलवर उत्पादन, गुणवत्ता, खरेदी, डिस्पॅच आणि मी. बाकी तिघांनी यायची गरज नाही. निर्णय 4 पर्यंत मेलवर कळवतो.’

या निरोपातली शेवटची ओळ विसरली जाते. पाच विषयांसाठी बोलावलेली आठही माणसं एका विषयासाठी लागत नाहीत. पण कोणाला न बोलावणं हे कारणाविना केलं की ते डावलणं वाटतं. आपला विषय कुठे गेला हे वरच्या ओळीत वाचलेल्या माणसाला ते तसं वाटत नाही. आठ जणांचा तास म्हणजे 480 मिनिटं. पाच जणांची वीस मिनिटं म्हणजे 100. मात्र ही सगळी बचत नव्हे. फोन करायला, निरोप लिहायला, एक पान तयार करायला वेळ जातो, आणि तो बोलावणाऱ्याने व विषय असणाऱ्यांनी भरायचा असतो.

निरोप जायची वेळही महत्त्वाची आहे. बदल 11 ला कळला तर निरोप 12 च्या आत गेला पाहिजे, म्हणजे जेवणाच्या सुट्टीत बसून कोणी नको असलेली स्लाइड बनवणार नाही. कॅलेंडरमधलं जुनंच निमंत्रण बदलावं. नवं पाठवलं आणि जुनं तसंच राहिलं, तर दोन ठिकाणी दोन वेळा दिसतात आणि कोणीतरी सभागृहात वाट बघत बसतो.

प्रत्यक्ष कॉलची वीस मिनिटं अशी जातात: दोन मिनिटं सगळे जोडले जाण्यात, बारा ब्रॅकेटसाठी, तीन शिफ्टवरच्या हरकतींसाठी आणि तीन निर्णय मोठ्याने वाचून दाखवण्यासाठी. ब्रॅकेटच्या चर्चेत खरेदी विभाग सांगतो की भोसरीतल्या व्यापाऱ्याकडे पट्टी मिळेल, पण महाग. गुणवत्ता प्रमुख आठवण करून देतात की मालाचा स्रोत बदलला तर त्याचं तपासणी प्रमाणपत्र लागेल आणि ग्राहकाची मान्यताही. शुक्रवारच्या आत ती मिळणं कठीण. निर्णय होतो: डाय आजच दुरुस्तीला, 800 नगांची पुन्हा तपासणी, शुक्रवारी चांगले निघतील तेवढे रवाना आणि उरलेले मंगळवारी, डिस्पॅचने ग्राहकाला आजच फोन करून हे मान्य करून घ्यायचं. शेवटची तीन मिनिटं कापायचा मोह इथे होतो. ती कापली की उत्पादनवाल्याला ‘800’ ऐकू आलेलं असतं आणि डिस्पॅचला ‘1,200’.

कोणी मध्येच कोटेशनचा विषय काढला तर ‘आत्ता नको’ म्हणू नये. ‘तो मंगळवारी पहिला आहे’ म्हणावं. ठिकाण सांगितलं की माणूस थांबतो. वीस मिनिटांत निर्णय झालाच नाही, तर कॉल लांबवू नये, कारण पुढची चाळीस मिनिटं लोकांनी दुसऱ्या कामाला दिलेली असतात. कोण, किती वाजेपर्यंत ठरवणार एवढं बोलून थांबावं.

लेखी पाठवलेल्या गोष्टींत एक सापळा आहे. उत्तर आलं नाही म्हणजे संमती, हे शिफ्टच्या तक्त्याला चालेल, तेही तसं आधी सांगितलेलं असेल तर. खर्चाच्या किंवा गुणवत्तेच्या निर्णयाला ते चालत नाही; तिथे संबंधिताचा स्पष्ट होकार हवाच.

कपात चुकली की नाही हे कॉल संपल्यावर तासाभरात कळतं. लोक दोघा-दोघांनी फोन करून तेच बोलू लागले, ‘मग ते शिफ्टचं काय ठरलं?’ असे मेसेज आले, किंवा वगळलेल्याच विषयावर संध्याकाळी वेगळी बैठक लागली, तर विषय चुकीचा गाळला गेला किंवा निरोप अपुरा होता.

काही बैठका मात्र अशा आटोपता येत नाहीत. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा हे रोजच्या ओळखीचं उदाहरण. तिची नोटीस 14 दिवस आधी विषयपत्रिकेसह द्यावी लागते, ती 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि हिशेब व लेखापरीक्षण अहवाल सभासदांपुढे मांडावेच लागतात. सचिवाने सकाळी निरोप पाठवून त्यातला विषय कमी करण्याची सोय नाही. एखाद्याच्या कामाबद्दलची तक्रार किंवा दोन विभागांतलं भांडणही वीस मिनिटांत बसवू नये, कारण तिथे माणसाला पूर्ण बोलू देणं हेच काम असतं. एरवी बैठक कापायला बसाल तेव्हा प्रत्येक विषयापुढे तो कुठे गेला, कोणाकडे गेला आणि कधीपर्यंत हे लिहून बघा. एका जरी विषयापुढे हे लिहिता आलं नाही, तर त्याच्या मालकाला फोन केल्याशिवाय तो निरोप पाठवू नका.